पुस्तिकेची पानं जुळत नसतील तर आधी कागद कोणत्या कडेवर उलटतोय ते बघा

प्रश्न: सोसायटीच्या गणपतीसाठी २२ पानी आरतीसंग्रह वर्डमध्ये करून त्याची पीडीएफ केली आहे. ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची आहे, शंभर प्रती. प्रिंटर आपोआप दोन्ही बाजूंनी छापतो. पण मागची बाजू उलटी येते आणि पानांचा क्रमही चुकतो. बरेच कागद वाया गेले. नेमकं कुठे काय निवडायचं?

उत्तर:

तुमच्या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच चुकीतून आल्या आहेत, त्यामुळे त्यांवर वेगवेगळे उपाय शोधू नका. पाठपोट छापताना प्रिंटर कागद दोन पद्धतींनी उलटू शकतो, लांब कडेवर किंवा आखूड कडेवर. नेहमीचं उभं पत्र किंवा अहवाल लांब कडेवर उलटतो आणि बहुतेक प्रिंटरांत तेच आधीपासून निवडलेलं असतं. पुस्तिकेत मात्र ए-फोर कागद आडवा असतो, त्यावर दोन पानं शेजारी शेजारी बसतात आणि घडी आखूड कडेला समांतर पडते. पुस्तकाचं पान जसं डावीकडे उलटतं तसा हा आडवा कागद उलटायचा, तर तो आखूड कडेवरच उलटायला हवा. लांब कडेवर उलटला तर तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानासारखा वर जातो आणि मागची छपाई डोकं खाली करून येते.

आता क्रम का चुकतो ते बघा. मागची बाजू अख्खीच्या अख्खी उलटी फिरली की तिच्यावरचं डावं पान उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. म्हणजे पान १ च्या पाठीला पान २ यायचं ते न येता दुसऱ्या टोकाचं पान येतं, आणि तेही उलटं. दिसताना दोन दोष दिसतात, मूळ एकच असतं. मागची बाजू उलटी आणि क्रमही चुकलेला, असं दोन्ही एकदम दिसलं की आधी कड बदलून बघा, बाकी कशाला हात लावू नका.

यापुढे मी छापील पृष्ठाला 'पान' म्हणतो आणि ए-फोरच्या तावाला 'कागद'. हा फरक डोक्यात पक्का असला की गोंधळ अर्धा कमी होतो. एका कागदावर चार पानं बसतात, दोन पुढे आणि दोन मागे. म्हणून पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत लागतात. तुमची २२ आहेत, म्हणजे २४ करावी लागतील आणि एका प्रतीला ६ कागद लागतील. त्यांची मांडणी अशी असते. पहिल्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कागदावर पुढे डावीकडे २४ आणि उजवीकडे १, मागे डावीकडे २ आणि उजवीकडे २३. दुसऱ्यावर पुढे २२ आणि ३, मागे ४ आणि २१. असं आत आत जात सहाव्या कागदावर पुढे १४ आणि ११, मागे १२ आणि १३. कुठल्याही बाजूवरच्या दोन आकड्यांची बेरीज २५ येते, म्हणजे एकूण पानं अधिक एक. एवढं लक्षात ठेवलंत तर छापलेला कुठलाही कागद हातात घेऊन तो बरोबर आहे की नाही हे लगेच सांगता येतं.

तरीही छपाईला बसण्याआधी डमी करा. सहा कोरे कागद एकत्र दुमडा, पुस्तकासारखे चाळत प्रत्येक पानावर पेन्सिलीने १ ते २४ आकडे टाका आणि मग कागद सुटे करा. वर सांगितलेली मांडणी तुमच्या हातात येईल. प्रेसमध्ये अजूनही हेच करतात, कारण स्क्रीनवर बघून जे पटकन कळत नाही ते डमीवर दिसतं. पुढे कुठे अडलात तर छापलेला कागद या डमीशेजारी ठेवून ताडून बघता येतो.

दोन कोरी पानं कुठे टाकायची याचा निर्णय तुम्ही स्वतः घ्या, सॉफ्टवेअरवर सोडू नका. ते आपल्या मनाने कोरी पानं शेवटी टाकतं. तसं झालं तर २३ आणि २४ ही पानं कोरी राहतील, म्हणजे तुमचं मागचं मुखपृष्ठ पांढरं आणि त्यावर यायचा मजकूर आत २२ व्या पानावर. माझा सल्ला असा, की एक कोरं पान मुखपृष्ठानंतर लगेच टाका आणि दुसरं शेवटच्या पानाच्या अलीकडे. मग पान १ मुखपृष्ठ, २ कोरं, तुमची आजची २ ते २१ ही पानं सरकून ३ ते २२ होतील, २३ कोरं आणि २४ मागचं मुखपृष्ठ. ही पानं वर्डमध्येच Ctrl+Enter ने घाला आणि पीडीएफ नव्याने काढा. खाली पानाचे आकडे छापले असतील तर तेही आपोआप बरोबर होतील.

पण एक पान मध्ये घातल्यावर पुढच्या सगळ्या पानांची डावी-उजवी बाजू बदलते, आणि आरतीसंग्रहात हे फार महत्त्वाचं असतं. उघड्या पुस्तिकेत समोरासमोर येणाऱ्या जोड्या २-३, ४-५, ६-७ अशा असतात, म्हणजे सम आकडा डावीकडे आणि विषम उजवीकडे. दोन पानांची मोठी आरती पान ४ वर सुरू झाली तर ती ४-५ वर पूर्ण दिसते. तीच पान ५ वर सुरू झाली तर निम्मी आरती पानाच्या पाठीवर जाते, आणि एका हातात टाळ किंवा निरांजन असताना ऐन आरतीत पान उलटायची वेळ येते. म्हणून नव्या क्रमाने एकदा सगळं चाळा. दोन पानी प्रत्येक आरती सम पानावर सुरू होते आहे ना ते बघा. जिथे होत नसेल तिथे एखादी एक पानी आरती पुढे-मागे सरकवली की बहुतेक वेळा काम होतं. पान ३ वर अनुक्रमणिका ठेवली तर पहिली आरती ४ वर, डावीकडे, आपोआप सुरू होते.

अक्षराच्या मापाबद्दलही आत्ताच ठरवा, कारण शंभर प्रती छापून झाल्यावर यात काही करता येत नाही. ए-फोरचं पान अर्ध्या कागदावर, म्हणजे ए-फाइव्ह मापात बसवलं की ते सुमारे ७१ टक्के होतं. वर्डमध्ये १२ पॉइंटचं अक्षर छापून साडेआठ पॉइंटचं येईल. इंग्रजी मजकूर त्या मापात एकवेळ चालतो. देवनागरीत जोडाक्षरं, रफार आणि वरखालच्या मात्रा गिचमिड होतात, आणि संध्याकाळच्या उजेडात चष्मा असलेल्या आजोबांना ते वाचता येणार नाही. दोन वाटा आहेत. वर्डमध्ये कागदाचं मापच ए-फाइव्ह, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर करा आणि अक्षर १३-१४ पॉइंट ठेवा. किंवा ए-फोरच ठेवून अक्षर १८ पॉइंटच्या आसपास न्या, ते छापून पावणेतेरा येईल. मी स्वतः नेहमी पहिली वाट घेतो, कारण मग स्क्रीनवर जे माप दिसतं जवळपास तेच हातात येतं. कागदाच्या कडेला चार-पाच मिलिमीटरची पट्टी बहुतेक घरगुती प्रिंटरांना छापता येत नाही, त्यामुळे छापताना मजकूर अजून थोडा आक्रसू शकतो, तेवढी जागा धरून चाला. माप बदललं की पानांची संख्याही बदलेल, तेव्हा हे काम कोरी पानं घालण्याच्या आधी करा.

आता प्रत्यक्ष छपाई. पीडीएफ Adobe Acrobat Reader मध्ये उघडा आणि प्रिंटची खिडकी आणा. आधी प्रिंटरच्या नावाशेजारच्या Properties मध्ये जा. तिथे कागद A4 निवडा, दोन्ही बाजूंनी छपाई सुरू करा आणि Flip on Short Edge हा पर्याय घ्या. काही प्रिंटरांत तो Short-edge binding अशा नावाने असतो. तिथेच Booklet नावाचा पर्यायही दिसेल, त्याला हात लावू नका. ओके करून बाहेर या. आता मुख्य खिडकीत Page Sizing & Handling खाली Booklet निवडा. Booklet subset मध्ये Both sides ठेवा. Binding मध्ये Left, कारण मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो. उर्दू पुस्तिका असती तर Right घेतलं असतं. शेजारच्या छोट्या चित्रात डावीकडे मागचं मुखपृष्ठ आणि उजवीकडे पुढचं दिसलं की मांडणी बरोबर आहे.

मग लगेच सगळं छापू नका. तिथेच Sheets from असा रकाना असतो, त्यात 1 to 1 लिहा आणि एकच कागद काढा. पण तुमचं पान २ आणि २३ कोरं असेल तर पहिल्या कागदाच्या पाठीवर काहीच येणार नाही, म्हणून चाचणीसाठी 2 to 2 घ्या. तो कागद आडवा धरा, डावीकडे २२ आणि उजवीकडे ३ दिसेल असा. आता पुस्तकाचं पान उलटावं तसा उजवीकडून डावीकडे उलटा. समोर डावीकडे ४ आणि उजवीकडे २१ सुलट दिसलं, म्हणजे ३ च्या बरोबर पाठीला ४ आलं, तर तुमची सगळी सेटिंग बरोबर आहे.

तसं दिसलं नाही तर काय दिसतंय त्यावरून चूक ओळखता येते. ३ च्या पाठीला २१ उलटं आलं असेल तर कड चुकली आहे, Properties मध्ये जाऊन दुसरी कड घ्या. इथे एक गोष्ट प्रिंटरवर अवलंबून आहे. काही प्रिंटर 'आखूड कड' कागदाच्या हिशेबाने धरतात, काही आडव्या-उभ्या चित्राच्या हिशेबाने, त्यामुळे एखाद्या ठिकाणी नावाने उलटा वाटणारा पर्यायच बरोबर निघतो. नावापेक्षा चाचणीच्या कागदावर विश्वास ठेवा. सगळं सुलट आहे पण एका बाजूवर १ आणि २, किंवा ३ आणि ४ असे लागोपाठचे आकडे आहेत, तर Booklet ऐवजी Multiple निवडलं गेलंय. ते एका कागदावर दोन पानं बसवतं खरं, पण वाचण्याच्या क्रमाने, दुमडण्याच्या नाही. एका बाजूवर चार बारकी पानं दिसली तर Booklet दोन्हीकडे सुरू आहे, रीडरमध्येही आणि प्रिंटरच्या Properties मध्येही. रीडरने मांडलेल्या जोडीला प्रिंटर पुन्हा एकदा पुस्तिकेत बसवतो आहे. दोन्हीपैकी एकच ठेवा, आणि मी म्हणेन रीडरमधलं ठेवा, कारण प्रिंटर बदलला तरी ते तसंच राहतं. आणि ३ डावीकडे, २२ उजवीकडे आलं तर Binding मध्ये Right पडलंय.

एक कागद जमला की एक पूर्ण प्रत काढा. बऱ्याच लेझर प्रिंटरांत कागद पालथे बाहेर पडतात. तसं असेल तर गठ्ठा न हलवता उचलल्यावर सगळ्यात वर १२ आणि १३ ही मधली जोडी दिसायला हवी, आणि सगळ्यात खाली, बाहेरच्या बाजूला, मुखपृष्ठ. तुमचा प्रिंटर कागद छापील बाजू वर ठेवून बाहेर टाकत असेल तर क्रम उलटा पडेल, तेव्हा ते या पहिल्या प्रतीवरच बघून घ्या. ही प्रत दुमडा आणि १ पासून २४ पर्यंत चाळा. सुटे कागद बरोबर असून पुस्तिका मध्येच उडी मारत असेल, तर फक्त कागदांची चळत चुकीच्या क्रमाने लागली आहे, छपाईत दोष नाही.

शंभर प्रतींसाठी Collate वर खूण असू द्या, म्हणजे सहा सहा कागदांची एकेक प्रत लागूनच बाहेर येईल. एकदम शंभर न देता दहा-दहाचे गट द्या. एखादा कागद अडकला किंवा दोन एकदम ओढले गेले तर फार तर एका गटाचा क्रम बिघडतो, पुढच्या नव्वद प्रती बिघडत नाहीत. प्रत्येक गटातली शेवटची प्रत उघडून मधे १२-१३ आहे ना एवढं बघितलं तरी पुरतं.

मुखपृष्ठ जाड कागदावर हवं असेल तर पान २ आणि २३ कोरं ठेवल्याचा इथे मोठा फायदा होतो. घरगुती प्रिंटरांचं आपोआप पाठपोट यंत्र साधारण जाड कार्ड ओढत नाही, कागद आतल्या वळणावर अडकतो. तुमच्या मुखपृष्ठाची आतली बाजू कोरीच आहे, म्हणजे ते एकाच बाजूने छापायचं आहे. Sheets from मध्ये 1 to 1, Booklet subset मध्ये Front side only, Properties मध्ये पाठपोट बंद, आणि ट्रेमध्ये कार्ड. शंभर कार्डं अशी काढा. मग साधे ८० जीएसएमचे कागद भरून पाठपोट परत सुरू करा, Both sides निवडा आणि 2 to 6 अशा शंभर प्रती. जाड कार्ड दुमडताना एक अडचण येते. बाजारातल्या बऱ्याचशा ए-फोर कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी जाते, म्हणून कार्डावर घडीच्या रेषेत शाई तडकते. दुमडण्याआधी स्टीलच्या पट्टीला लागून बोथट टोकाने, संपलेल्या बॉलपेनने सुद्धा चालेल, एक खोल रेघ ओढून घ्या. दुकानात द्यायचं असेल तर 'क्रीजिंग करून द्या' म्हणा.

प्रिंटर आपोआप पाठपोट छापत नसेल त्यांच्यासाठीही वाट हीच आहे. आधी Front side only, मग तो गठ्ठा परत ट्रेमध्ये घालून Back side only. गठ्ठा कसा घालायचा हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं, म्हणून एका कागदावर पेन्सिलीने बाण काढून तो आधी छापून बघा. पुढची शंभरी त्या बाणाप्रमाणे घाला.

आणि छपाई झेरॉक्सच्या दुकानात करणार असाल तर नुसती पीडीएफ नेऊन 'पुस्तिका काढा' म्हणू नका. गर्दीत तिथला मुलगा कुठे काय निवडेल ते तुमच्या हातात नसतं. घरीच प्रिंटर म्हणून Microsoft Print to PDF निवडा, Booklet आणि Both sides ठेवून छापा, आणि तयार झालेली नवी फाइल उघडून बघा. तिच्यात १२ आडवी पानं असतील, पहिल्यावर डावीकडे २४ आणि उजवीकडे १. काही पानं फिरलेली दिसली तर ती सरळ करून फाइल जतन करा. दुकानात मग एवढंच सांगायचं, की ही Actual size, दोन्ही बाजूंनी, Flip on Short Edge अशी छापा आणि Booklet लावू नका. तिथेही पहिली प्रत हातात घेऊन दुमडून बघितल्याशिवाय पुढच्या प्रतींना होकार देऊ नका.

राहिली पिन. सहाही कागद टेबलावर ठोकून कडा जुळवा, एकत्रच दुमडा आणि पट्टीच्या कडेने घडी दाबून घ्या. मग पुन्हा उघडा, मुखपृष्ठ वर येईल असं पालथं ठेवा आणि बरोबर घडीच्या रेषेवर दोन पिना मारा, दोन्ही टोकांपासून साधारण पाच-पाच सेंटिमीटर आत. बाहेरून मारलेल्या पिनेची टोकं आत १२-१३ च्या मध्ये मिटतात, बोटाला लागत नाहीत. नेहमीचा स्टेपलर कडेपासून घडीपर्यंत पोचत नाही. ते अंतर १५ सेंटिमीटर आहे. लांब हाताचा स्टेपलर मिळाला तर उत्तम. नाहीतर साधा स्टेपलर पूर्ण उघडून, खाली जाड पुठ्ठा किंवा थर्मोकोल ठेवून पिन दाबा, कागद अलगद वर उचला आणि टोकं पट्टीने मिटवा. वेळ जास्त लागतो, पण चार जण बसलात तर शंभर प्रती एका संध्याकाळी होतात.

दुमडल्यावर आतले कागद बाहेरच्यांपेक्षा थोडे पुढे आलेले दिसतील. ८० जीएसएमचा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणून सहा कागदांत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. जाड कार्डामुळे थोडा वाढेल, तरी कापायची गरज नाही. पुढे कधी साठ पानांचं काम केलंत तर तो दीड मिलिमीटरच्या जवळ जाईल. तेव्हा दुकानातून कटिंग करून घ्या, आणि पानाचे आकडे बाहेरच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवा, म्हणजे ते कापले जाणार नाहीत.